रोजच्या थंडीसाठी फ्लीस: २०० की ३००? आणि गोळे न धरणारं कसं ओळखायचं?

निवांत_सकाळ

मंडळी, फ्लीस घ्यायचं आहे आणि गोंधळले आहे. ट्रेकसाठी नाही, रोज घालायला. सकाळी साधारण २ ते ८ अंश तापमान असतं. स्टेशनपर्यंत वीसेक मिनिटं भराभर चालायचं, मग फलाटावर दहा मिनिटं उभं राहायचं आणि पुढे दिवसभर हीटर लावलेलं ऑफिस. आत पूर्ण बाहीचा टी-शर्ट, वरून वारा अडवणारं पातळ जॅकेट. या दोन्हींच्या मधला थर हवा आहे.

आधीच्या फ्लीसला एका हिवाळ्यातच इतके गोळे आले की ऑफिसात घालायला नको वाटतं. आता दोन पर्याय समोर आहेत. एक चांगलं गुबगुबीत आहे, आतून-बाहेरून लव, लेबलवर ३०० लिहिलंय. दुसरं बाहेरून जवळजवळ गुळगुळीत आणि फक्त आतून लव असलेलं. त्यावर आकडाच नाही. दोन्ही घरी आहेत, परत करायची मुदत अजून आहे. कोणतं ठेवू?

डोंगरवारा

३०० घ्या, विचार करू नका. आकडा जितका मोठा तितकं कापड घट्ट, घट्ट कापडाला गोळे येत नाहीत आणि ऊबही जास्त. पातळ फ्लीस म्हणजे एका मोसमाचं काम. माझं जाड फ्लीस कितीतरी हिवाळे टिकलंय.

शेवंती२

आकड्यावर माझा तरी विश्वास नाही. माझ्या हुडीच्या लेबलवर फ्लीस ३२० असं स्पष्ट लिहिलंय, हाताला जड लागते, तरी सकाळी चालून आले की आतून दमट होते आणि मग थंडी वाजायला लागते. त्यापेक्षा मैत्रिणीचं हलकंसं फ्लीस जास्त उबदार आहे. त्यामुळे ३०० बघून भुलू नका.

सुईदोरा

मी विणलेल्या कापडाच्या फिनिशिंगमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवंतीताई, तुमची हुडी बहुतेक कापसाची किंवा कापूस-पॉलिएस्टर मिश्रणाची असणार. बाहेरून साधी वीण आणि आतून खरवडून मऊ केलेली, तिलाही फ्लीसच म्हणतात. पण कापूस घाम पिऊन ठेवतो आणि सावकाश वाळतो, म्हणून तुम्हाला ते दमट होऊन गार पडणं जाणवतं. निवांत_सकाळ विचारतायत ते पॉलिएस्टरचं फ्लीस. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषतच नाही. तेव्हा तुमचे ३२० आणि त्यांचे ३०० यांची तुलना करू नका. लेबलवर आधी घटक वाचायचे, आकडा नंतर.

आता आकड्याबद्दल. २०० म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन २०० ग्रॅम, बस. १००, २००, ३०० ही भाषा पोलारटेकच्या जुन्या कापडांच्या नावांमुळे रुळली आणि आता सगळेच ती वापरतात. त्यातून कापडात धागा किती आहे ते कळतं. ऊब मात्र धाग्यात नसते, धाग्यांमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते. दोन्ही कापडं २०० ची असली तरी एक दाबून सपाट केलेलं आणि दुसरं फुगलेलं असू शकतं. वारा नसताना फुगलेलंच जास्त उबदार लागेल.

डोंगरवारा, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वीण घट्ट असल्यामुळे वजन वाढलं असेल तर गोळे खरंच कमी येतात. पण ३०० च्या बऱ्याच कापडांत वजन वाढतं ते लव लांब ठेवल्यामुळे. लांब लव म्हणजे मोकळी टोकं जास्त, आणि गोळा बनतो तो मोकळ्या टोकांपासूनच.

डोंगरवारा

मग माझं कसं टिकलं?

सुईदोरा

ते कुठे आणि कशावर घासलं जातं त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. फ्लीसला लव कशी येते ते सांगते, म्हणजे लक्षात येईल. कापड विणताना एका बाजूला बारीक फासे सोडतात. मग बारीक तारांच्या रुळांवरून कापड नेतात. त्या तारा फासे ओढून विसकटतात आणि धाग्यातले तंतू तुटून टोकं वर येतात. शेवटी सगळी लव एका उंचीला कातरतात. म्हणजे फ्लीसचा पृष्ठभाग मुळातच तुटलेल्या टोकांचा असतो.

घासलं की ही टोकं इकडेतिकडे फिरतात, शेजारच्यांमध्ये अडकतात, त्यांचा गुंता होतो आणि गोळा तयार होतो. तो कापडाला दोन-चार लांब तंतूंनी धरलेला असतो. लोकर किंवा कापूस असेल तर हे तंतू काही काळाने तुटतात आणि गोळा आपोआप गळून पडतो. पॉलिएस्टर मजबूत असल्यामुळे तुटत नाही, गोळा तिथेच बसून राहतो. त्याच्या टिकाऊपणाचाच हा त्रास आहे.

तेव्हा निवांत_सकाळ, मला एवढं सांगा: जुन्या फ्लीसवर गोळे नेमके कुठे आहेत? सगळीकडे की काही ठिकाणीच?

निवांत_सकाळ

आत्ता खिडकीपाशी नेऊन बघितलं. पाठ जवळजवळ कोरी आहे. दोन्ही बाह्यांच्या खालच्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, भरपूर. उजव्या कुशीला तळहाताएवढा पट्टा आहे, तिथे सर्वात वाईट. काखेत थोडे. डाव्या कुशीला काहीच नाही.

रानपाखरू

उजव्या खांद्यावर पर्स अडकवता का?

निवांत_सकाळ

हो! दुपारी बाहेर पडताना जॅकेट घालत नाही, नुसत्या फ्लीसवर बॅग घेते. ती कुशीवर आपटत असते. आणि तिच्या मागे जाळीचा खिसा आहे.

सुईदोरा

मग उलगडा झाला. कुशीला जाळी घासते आणि बाह्यांना टेबलाची कड. कापड सगळीकडून वाईट असतं तर धुण्यातच पाठीवरही गोळे आले असते. पाठ कोरी आहे म्हणजे धुण्याने फारसं बिघडलेलं नाही.

याचा अर्थ असा की तुमच्यासाठी बाहेरची बाजू महत्त्वाची. गुळगुळीत बाहेर आणि लव आत, हा पर्याय तुमच्या वापराला जास्त जुळतो. बाहेरच्या बाजूला टोकंच वर काढलेली नाहीत, त्यामुळे गुंता व्हायला कच्चा माल कमी. आतल्या बाजूला येतील थोडे गोळे, पण ते दिसत नाहीत आणि टी-शर्टवर घासणं बॅगेच्या जाळीइतकं कठोर नसतं.

शेवंती२

पण त्यावर आकडाच नाही ना. पातळ निघालं तर?

सुईदोरा

आकडा घरी काढता येतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि शिंप्याची टेप पुरे. निवांत_सकाळ, फ्लीस टेबलावर सपाट पसरा आणि मापं द्या: वजन, काखेपासून काखेपर्यंत रुंदी, उंची, बाहीची लांबी, बाहीची मधली रुंदी, कॉलर.

निवांत_सकाळ

वजन ३४५ ग्रॅम. छाती सपाट मोजून ५४ सेंमी, उंची ६६. बाही ६२ लांब, मध्यावर १७ रुंद. कॉलर ४८ लांब, १४ उंच, एकपदरी. पूर्ण चेन आहे. खिशांच्या पिशव्याही त्याच कापडाच्या वाटतात.

सुईदोरा

छान. पुढचं आणि मागचं अंग मिळून ०.५४ × ०.६६ × २ म्हणजे ०.७१ चौरस मीटर. बाह्या ०.६२ × ०.१७, दोन बाजू आणि दोन बाह्या म्हणून चारपट, ०.४२. कॉलर ०.०७. एकूण १.२०. शिलाईत दुमडलेलं कापड, खालचा घेर आणि खिशांच्या पिशव्या यांचे अंदाजे दहा टक्के धरले की १.३२ चौरस मीटर.

वजनातून चेन, दोरा, लेबल यांचे साधारण ४५ ग्रॅम वजा करा. उरले ३००. भागिले १.३२ म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. या पद्धतीत दहा टक्के इकडेतिकडे होणारच, पण हे १०० चं पातळ नाही आणि ३०० चं जाडही नाही, एवढं नक्की. म्हणजे २०० च्या घरातलं आहे.

रानपाखरू

हे भारी आहे. मी माझ्या जुन्याला लगेच लावून बघितलं, लेबलवर २००, हिशेबात १९० आलं.

डोंगरवारा

सव्वादोनशे ठीक, पण २ अंशाला दहा मिनिटं फलाटावर उभं राहायचं तर मी ३०० च म्हणेन. थंडी वाजत असताना गोळ्यांची काळजी कोण करतं?

सुईदोरा

उभं राहण्यापुरतं तुमचं खरं आहे. पण त्याआधी वीस मिनिटं भराभर चालणं आहे. ३०० आणि वर वाराबंद जॅकेट घालून चाललं की अंगातून घाम सुटतो, आणि फलाटावर नंतर गार पडतं ते त्या घामामुळे. शिवाय त्यांचं जॅकेट पातळ आणि बेताच्या मापाचं असेल तर ३०० ची लव आत दबून जाते. हवा गेली म्हणजे ज्यासाठी ते घेतलं तेच गेलं. बाह्या एकमेकींत अडकतात ते वेगळंच.

३०० कुणी घ्यावं? जो फार हालचाल न करता उभा किंवा बसून राहतो, किंवा वरून दुसरं काही न घालता बाहेरचा थर म्हणूनच वापरतो आणि वारा फारसा नाही. फ्लीस वारा अडवत नाही, ३०० सुद्धा नाही. ते काम वरच्या जॅकेटचं.

रानपाखरू

मी याच्या उलट टोकाची. मला चालताना फार उकडतं, म्हणून १०० चं आणि वरून बिनबाह्यांचं जाकीट. उभं राहिलं की चेन लावायची, चालताना उघडायची.

डोंगरवारा

मला थंडी जास्त वाजते, माझं मत बदलणार नाही. 🙂 पण जॅकेटच्या मापाचा मुद्दा पटला.

जुनाजाणता

एक शंका. माझ्या फ्लीसच्या लेबलवर ठळक अक्षरांत अँटी-पिल लिहिलंय, तरी पहिल्याच महिन्यात गोळे. हे लिहिण्याला काही अर्थ असतो का? की पुनर्वापराच्या बाटल्यांपासून केलेलं पॉलिएस्टर होतं म्हणून झालं? लेबलवर तेही होतं.

सुईदोरा

अँटी-पिल हे खोटं नसतं, पण अपुरं असतं. गोळे कमी व्हावेत म्हणून वेगवेगळे उपाय आहेत: वीण घट्ट ठेवणं, लव बेताची कातरणं, उष्णता देऊन कापड स्थिर करणं, किंवा मुद्दाम थोडा कमी ताकदीचा तंतू वापरणं म्हणजे गोळा झालाच तर तुटून पडतो. काही वेळा हा उपाय एकाच बाजूला केलेला असतो. लेबलवर यातलं काहीच कळत नाही.

प्रयोगशाळेत कापड ठरावीक वेळा घासून नमुन्याच्या फोटोंशी ताडतात आणि १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे बदल नाही, १ म्हणजे पृष्ठभाग गोळ्यांनी भरला. विक्रेत्याला विचारता आलं तर दोन गोष्टी विचारा: गुण किती, आणि किती घासण्यांनंतर. थोडं घासून मिळालेला ४ आणि भरपूर घासून मिळालेला ४ सारखा नाही.

पुनर्वापराच्या पॉलिएस्टरबद्दल माझा अनुभव मिश्र आहे. चांगल्या प्रतीच्या लांब तंतूचं असेल तर फरक सांगता येत नाही. आखूड तंतूंचं कातून केलेलं असेल तर गोळे लवकर येतात, पण ते नव्या पॉलिएस्टरलाही लागू आहे.

जुनाजाणता

माझ्या ओळखीतल्या तिघांचा अनुभव माझ्यासारखाच आहे, त्यामुळे मी तरी ते टाळतो.

शेवंती२

मग दुकानात उभं राहून ओळखायचं कसं? आपल्याकडे प्रयोगशाळा कुठे.

सुईदोरा

तीन गोष्टी करते मी, आणि तिन्हींना मिळून दोन मिनिटं लागतात.

पहिली, खिशाच्या आतली किंवा बाहीच्या टोकाची अशी जागा निवडायची जी दिसत नाही. कापडाची बाहेरची बाजू बाहेरच्याच बाजूवर ठेवून, अंगठ्याने दाबून, तीस-चाळीस वेळा घासायचं. मग ती जागा प्रकाशाला तिरकी धरायची, समोरून नाही. समोरून सगळं चांगलंच दिसतं. तिरक्या प्रकाशात टोकं आडवी पडून नुसती चमक बदलली असेल तर काळजी नाही. टोकं दोन-तीन मिळून वळायला लागली आणि मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपके दिसले, तर तुमच्या बाह्यांवर हेच होणार आहे.

दुसरी, पारदर्शक चिकटपट्टी. पट्टी घट्ट दाबायची, उचलायची, टाकून द्यायची. नव्या कापडावर कातरण्याचा भुसा राहिलेलाच असतो, तो पहिल्या पट्टीला येतो. त्याच जागी दुसरी पट्टी लावायची आणि ती बघायची. दुसरीवरही लांब तंतू भरभरून आले तर लव मुळाशी नीट धरलेली नाही.

तिसरी, कापड आडवं ताणून उजेडासमोर धरायचं. लवेच्या आड विणीची जाळी विरळ दिसली, आणि सोडल्यावर कापड पूर्ववत यायला वेळ लागला, तर वीण सैल आहे. सैल विणीतून तंतू सहज वर येतात.

निवांत_सकाळ

दोन्हींवर करून पाहिलं. ३०० वाल्याची दुसरी पट्टी अक्षरशः केसाळ निघाली! घासल्यावर बारीक ठिपकेही दिसतायत, खिशाच्या आत केलं म्हणून बरं. गुळगुळीत असलेल्याची दुसरी पट्टी जवळजवळ स्वच्छ, आणि घासून फक्त चमक बदलली. ताणून बघितलं तर ३०० वाल्याची वीणही सैल वाटते, लव लांब असल्यामुळे तशी दिसत नव्हती.

डोंगरवारा

बरं, मग माझं ३०० वेगळ्या विणीचं असणार. आता घरी जाऊन ताणून बघतो.

जुनाजाणता

घेतल्यावर धुण्याचं काय? माझी बायको म्हणते मशीनमध्येच सगळं बिघडतं.

सुईदोरा

वहिनी बऱ्यापैकी बरोबर आहेत. मशीनमध्ये कपडे तासभर एकमेकांवर घासतात. चेन लावून, उलटं करून धुवायचं, म्हणजे घासणं आतल्या बाजूला जातं. टॉवेल, जीन्स आणि वेल्क्रो असलेलं काहीही सोबत नको. थंड किंवा ३० अंशाचं पाणी, सौम्य चक्र, कमी वेगाची पिळणी. ड्रम अगदी रिकामा नको आणि ठासून भरलेलाही नको. कापड मऊ करणारं कंडिशनर घालू नका, ते तंतूंवर थर धरून बसतं आणि घाम बाहेर जायला अडथळा होतो. वाळवायला तापलेला ड्रायर नको, इस्त्री तर नकोच. पॉलिएस्टर त्या उष्णतेत मऊ होऊन लव कायमची चपटी होते. सावलीत पसरून ठेवलं तरी ते पटकन वाळतं.

आणि रोज धुवायचं कारण नाही. आत टी-शर्ट आहे, बाहेर जॅकेट आहे, हवेवर टाकलं तरी पुष्कळदा भागतं.

रानपाखरू

आलेले गोळे काढायला ते बॅटरीचं यंत्र कसं? मी दाढीच्या रेझरने काढले, बाही स्वच्छ झाली, पण महिनाभरात दुप्पट आले.

सुईदोरा

रेझरने गोळ्याबरोबर आसपासची चांगली लवही कापली जाते, मग नवी मोकळी टोकं तयार होतात. यंत्र त्यामानाने बरं, कारण जाळीमुळे पातं कापडापासून थोडं दूर राहतं. कापड टेबलावर सपाट ताणून, न दाबता, वर्तुळात फिरवायचं. लांब केसांच्या, मेंढीसारख्या दिसणाऱ्या फ्लीसवर यंत्रही नको, टक्कल पडल्यासारखे चट्टे होतात. बोटांनी मात्र कधीच ओढू नका. गोळा निघतो, पण त्याला धरलेले तंतू विणीतून आणखी वर येतात आणि पुढच्या गोळ्याची तयारी होते.

रानपाखरू

मी यंत्रानेही काढून बघितले आहेत हो, तिथेही परत येतात. जरा सावकाश, एवढंच.

सुईदोरा

हो, सैल विणीच्या कापडाला परत येतातच. काही कापडांत सुरुवातीची मोकळी टोकं एकदा निघून गेली की पुढे शांत होतं, काहींत होत नाही.

निवांत_सकाळ

३०० वालं परत पाठवतेय, गुळगुळीत ठेवलं. आज सकाळी ३ अंशात घालून गेले. चालताना अर्धी चेन उघडावी लागली, फलाटावर पूर्ण बंद केली तर पुरलं. बॅगेचा जाळीचा खिसा आता बाहेरच्या बाजूला करून घेते.

एकच राहिलं. हेच फ्लीस एक माप मोठं घ्यावं का? आत्ताचं अंगाला चिकटून नाही, पण आत जाड टी-शर्ट घातला तर काखेत ओढतं.

सुईदोरा

हात वर करून बघा. खालचा घेर कमरेच्या वर सरकत असेल तर मोठं घ्या, काखेत ओढ असली की तिथेच घासणं वाढतं. पण मोठं घेतल्यावर वर जॅकेट घालून कोपरं वाकवून बघा, बाही आत गोळा होता कामा नये.

डोंगरवारा

आणि चेनच्या वरच्या टोकाला हनुवटीपाशी कापडाची टोपी आहे का तेही बघा. धातूची उघडी चेन थंडीत हनुवटीला टोचते, आणि कॉलर तिथेच सगळ्यात आधी खराब होते.

निवांत_सकाळ

टोपी आहे. घेर सरकतोय. मोठं माप मागवते.